अपगार चार आला, मग पुढे काय? नवजात बाळाच्या प्रश्नांत पुढची पायरी कशी ठरवायची

माझी भाची इंदूरच्या राजेंद्रनगरात राहते, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि स्टाफ नर्सच्या भरतीची तयारी करते आहे. गेल्या रविवारी ती प्रश्नसंच घेऊन माझ्याकडे आली आणि एका प्रश्नावर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, अपगार चार येतो. मग उत्तर ऑक्सिजन की बॅग-मास्क?" मी प्रश्न वाचला. तिची बेरीज अगदी बरोबर होती, पण त्या चारावरून उत्तर निघत नव्हतं. ते दोन ओळी वर, बाळाच्या श्वासाच्या वर्णनात लिहिलेलं होतं.

लेबर रूममध्ये माझी वीस वर्षं गेली. घरी शिकायला येणाऱ्या मुली याच जागी अडकतात हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. कॉलेजात हिंदी-इंग्रजीत शिकायचं, पेपरही त्याच भाषांत सोडवायचा, पण घरी डोक्यात विचार मराठीत चालतो, अशा इथल्या पोरींसाठी हे एकदा मराठीत नीट लिहून ठेवते.

आधी बेरीज

डॉ. व्हर्जिनिया अपगार या न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ. त्यांनी ही गुणपद्धत १९५२ मध्ये मांडली आणि १९५३ मध्ये ती छापून आली. त्यांच्या आडनावाच्या पाच अक्षरांवर अपिअरन्स, पल्स, ग्रिमेस, अ‍ॅक्टिव्हिटी, रेस्पिरेशन हे शब्द बसवले गेले ते सुमारे दहा वर्षांनी, पाठांतर सोपं व्हावं म्हणून. बाळाकडे बघताना मात्र या क्रमाने जाऊ नका. मी मुलींना आधी ठोके, मग श्वास, मग हातपाय, मग प्रतिसाद आणि शेवटी रंग असं बघायला सांगते. पुढचा निर्णय पहिल्या दोन गोष्टींवर असतो, म्हणून डोळ्यांना आणि कानाला तीच सवय लागलेली बरी.

ठोके शंभर किंवा त्याहून जास्त असतील तर दोन गुण, शंभराखाली असतील तर एक, ठोकेच नसतील तर शून्य. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ठोके ९५ असोत की ३५, अपगारमध्ये दोन्हीला एकच गुण मिळतो. पहिल्या बाळाला श्वास द्यायचा असतो, दुसऱ्याची छाती दाबायची वेळ येऊ शकते, आणि गुण दोघांना सारखा. बेरीज पुढची पायरी सांगू शकत नाही याचा पुरावा याच ओळीत आहे.

बाळ जोरात रडत असेल तर श्वासाचे दोन गुण. श्वास मंद, अनियमित असेल, रडणं क्षीण असेल किंवा बाळ आचके देत असेल तर एक. श्वासच नसेल तर शून्य. आचक्यांवर पोरी फसतात. "गॅस्पिंग" म्हणजे बाळ श्वास घेतंय असं त्यांना वाटतं, कारण गुण तर एक दिलेला असतो. पण आचक्यांनी फुप्फुसात हवा पोचत नाही. निर्णय घेताना आचके देणारं बाळ आणि श्वास न घेणारं बाळ यांत फरक करायचा नाही.

हातपाय चांगले हलवत असेल तर दोन, नुसतेच थोडे दुमडलेले असतील तर एक, ओल्या फडक्यासारखे पडलेले असतील तर शून्य. नाकात नळी घातल्यावर किंवा तळव्यावर टिचकी मारल्यावर बाळ शिंकलं, खोकलं, रडलं, पाय झटकन मागे घेतला तर दोन, नुसतं तोंड वाकडं केलं तर एक, काहीच नाही तर शून्य. सगळं अंग गुलाबी असेल तर रंगाचे दोन, अंग गुलाबी पण हातपाय निळसर असतील तर एक, पूर्ण निळं किंवा पांढरंफटक असेल तर शून्य. सावळ्या बाळाचा रंग ओठांवर आणि जिभेवर बघायचा. पहिल्या मिनिटाला हातपाय निळसर असणं ही नेहमीची गोष्ट आहे. बाळ अगदी ठणठणीत असलं तरी पहिल्या मिनिटाला दहा गुण क्वचितच येतात, ते यामुळेच.

गुण पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला देतात. पाचव्या मिनिटाला सातपेक्षा कमी आले तर दर पाच मिनिटांनी, विसाव्या मिनिटापर्यंत, पुन्हा द्यायचे. सात ते दहा समाधानकारक, चार ते सहा मध्यम, तीन आणि त्याखाली कमी.

निर्णय पहिल्या मिनिटाच्या आधीच सुरू होतो

पहिला अपगार साठाव्या सेकंदाला दिला जातो. ज्या बाळाला मदत लागणार आहे त्याला साठ सेकंदांच्या आत पुसून, उत्तेजित करून, गरज असेल तर बॅग-मास्कने श्वास सुरू झालेला असायला हवा. अपगारची वाट बघत थांबलं तर तोच वेळ वाया जातो. म्हणून पुनरुज्जीवनाच्या कुठल्याही पायरीचा निर्णय अपगारवर घेत नाहीत. अपगार ही नोंद आहे. त्या मिनिटाला बाळ कसं होतं आणि आपल्या प्रयत्नांना ते कसा प्रतिसाद देतंय, एवढं ती सांगते.

निर्णय कसा होतो ते सांगते. बाळ बाहेर आल्या आल्या तीन प्रश्न: दिवस पूर्ण भरलेले दिसतात का, हातपायांत ताकद आहे का, श्वास घेतंय किंवा रडतंय का? आपल्याकडे नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाच्या प्रशिक्षणात भर असतो तो शेवटच्या प्रश्नावर: बाळ रडतंय का? तिन्ही उत्तरं होय असतील तर बाळ आईच्या छातीवर ठेवायचं, तिथेच पुसायचं, आणि नाळ लगेच कापायची नाही. एका जरी प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर बाळ वॉर्मरवर न्यायचं.

वॉर्मरवर सुरुवातीच्या पायऱ्या येतात. ऊब द्यायची, कोरड्या कपड्याने पुसायचं आणि ओला कपडा काढून टाकायचा, पाठ चोळून उत्तेजित करायचं, मान सरळ राहील असं डोकं ठेवायचं, आणि घशात खरोखर काही अडकलं असेल तरच आधी तोंड, मग नाक साफ करायचं. या सगळ्याला तीसेक सेकंद लागतात. लगेच पुन्हा बघायचं, आणि आता फक्त दोनच गोष्टी: श्वास आणि ठोके.

बाळ श्वास घेत नसेल, आचके देत असेल, किंवा ठोके शंभराखाली असतील, तर पॉझिटिव्ह प्रेशर व्हेंटिलेशन, म्हणजे बॅग-मास्कने श्वास. या तिन्हीपैकी एक गोष्ट पुरेशी आहे. ठोके ११० आहेत पण श्वास नाही, तरी बॅग-मास्क. श्वास आहे पण ठोके ८५, तरीही बॅग-मास्क.

ठोके शंभराच्या वर आहेत, बाळ स्वतः श्वास घेतंय, पण धाप लागली आहे किंवा ओठ निळेच राहिले आहेत, तर रस्ता वेगळा. डोक्याची स्थिती पुन्हा बघायची, गरज असेल तर स्राव काढायचा, उजव्या हाताला पल्स ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा कमी असेल तर ऑक्सिजन द्यायचा. धाप कमी होत नसेल तर सीपॅपचा विचार.

माझ्या मते परीक्षेतले अर्ध्याहून अधिक प्रश्न या दोन रस्त्यांच्या फाट्यावर बेतलेले असतात.

चार गुणांची दोन बाळं

भाचीला मी कागदावर दोन बाळं काढून दाखवली.

पहिल्या बाळाचे ठोके ८०, एक गुण. श्वास नाही, शून्य. हातपाय थोडे दुमडलेले, एक. नळी घातल्यावर तोंड वाकडं करतं, एक. अंग गुलाबी, हातपाय निळे, एक. बेरीज चार.

दुसऱ्या बाळाचे ठोके १३०, दोन गुण. स्वतः श्वास घेतंय, पण कण्हत आणि फासळ्यांखालची कातडी आत ओढत, रडणं क्षीण, एक. हातपाय सैल, शून्य. तोंड वाकडं करतं, एक. ओठांसकट सगळं निळं, शून्य. बेरीज चार.

पहिल्याची पुढची पायरी बॅग-मास्क. दुसऱ्याची पुढची पायरी डोक्याची स्थिती, ऑक्सिमीटर, लागेल तसा ऑक्सिजन आणि सीपॅपचा विचार. गंमत म्हणजे नुसत्या नजरेला दुसरं बाळ जास्त वाईट दिसतं, कारण ते निळं आहे आणि सैल आहे. पहिलं बाळ तर अंगाने गुलाबी आहे. तरी ज्याला आधी हात लावायला हवा ते पहिलंच, कारण ते श्वास घेत नाही आणि त्याचे ठोके उतरले आहेत.

म्हणून पेपर सोडवताना मी एक सवय लावते. प्रश्न वाचताना पेन्सिलने श्वासाचा शब्द आणि ठोक्यांचा आकडा याखाली रेघ मारायची, आणि समासात लिहायचं की हे वर्णन कुठल्या पायरीनंतरचं आहे: जन्मताक्षणी, पुसून झाल्यावर, तीस सेकंद बॅगिंग झाल्यावर, की छाती दाबून झाल्यावर. रंग, ताकद, प्रतिसाद हे शब्द बेरीज विचारली असेल तरच कामाचे. पुढची पायरी विचारली असेल तर रेघ मारलेल्या दोन गोष्टी आणि समासातली वेळ, एवढं पुरतं.

एक प्रसंग, पहिल्या मिनिटापासून दहाव्यापर्यंत

आता एकच बाळ शेवटपर्यंत बघू. अडतीस आठवडे, वजन ३ किलो, लांबलेली प्रसूती, पाणी स्वच्छ. बाळ बाहेर आलं ते रडलं नाही, हातपाय सैल. दिवस भरलेले आहेत, पण ताकद आणि श्वास या दोन्ही प्रश्नांचं उत्तर "नाही" आहे. वॉर्मरवर घेतलं, पुसलं, पाठ चोळली, डोकं नीट ठेवलं. पाऊण मिनिट होत आलं. बाळ मधूनच एखादा आचका देतंय.

ठोके मोजायची पद्धत अशी. स्टेथोस्कोप छातीच्या डाव्या बाजूला ठेवून सहा सेकंदांत किती ठोके पडले ते मोजायचे आणि दहाने गुणायचे. मी मुलींना टेबलावर बोटाने ठोके वाजवायला लावते: एक वाजवते, बाकीच्या मोजतात. सहा सेकंदांत सात म्हणजे ७०. लेबर रूममध्येही ऐकणारीने हवेत बोट हलवून ठोका दाखवायचा, म्हणजे बॅग धरणारीला विचारावं लागत नाही. नाळेच्या मुळाशी हात लावूनही ठोके कळतात, पण तिथे खऱ्यापेक्षा कमी भासू शकतात.

आपल्या बाळाचे सात आले, म्हणजे ७०, आणि आचके. बॅग-मास्क सुरू. दिवस भरलेल्या बाळासाठी सुरुवात साध्या हवेने करायची, म्हणजे २१ टक्के ऑक्सिजन. मिनिटाला ४० ते ६० श्वास, म्हणजे "दाब, सोड, सोड" या लयीत. दाब २० ते २५ सेंटिमीटर पाण्याइतका. उजव्या मनगटावर ऑक्सिमीटर.

इथवरचा पहिल्या मिनिटाचा अपगार: ठोके एक, आचके एक, ताकद शून्य, प्रतिसाद शून्य, रंग निळा शून्य. दोन. कागदावर दोन लिहिलं जातंय तेव्हा बॅगिंग आधीच चालू झालेलं आहे, हे लक्षात घ्या.

पंधरा सेकंदांनी पुन्हा ऐकलं. ठोके वाढत नाहीत. आता एकच प्रश्न विचारायचा: छाती हलतेय का? हलत नव्हती.

इथे मला माझं पहिलं वर्ष आठवतं. मी बॅग दाबत होते, बॅग दबत होती, आवाज येत होता, आणि मला वाटत होतं की श्वास जातोय. शेजारच्या सीनियर सिस्टरने माझा हात बाजूला केला नाही. तिने बाळाच्या खांद्याखाली इंचभर जाडीची दुमडलेली लंगोट सरकवली, मी मागे पाडलेली मान थोडी पुढे आणली आणि मास्कच्या कडेवर माझंच बोट नीट दाबलं. पुढच्या दाबाला छाती हलकीच वर आली. झोपलेल्या बाळाची येते तेवढीच, जास्त नाही. काही सेकंदांत ठोके वर चढू लागले. तेव्हापासून माझी नजर बॅगेवर जात नाही, छातीवर जाते.

छाती हलत नसेल तर दुरुस्तीचा क्रम असा. मास्क पुन्हा नीट बसवायचा, डोकं पुन्हा ठेवायचं, आणि पाच दाब देऊन बघायचं. तरी नाही, तर तोंड-नाकातला स्राव काढायचा, तोंड थोडं उघडून मास्क लावायचा, पुन्हा पाच दाब. तरी नाही, तर दाब टप्प्याटप्प्याने वाढवायचा, दिवस भरलेल्या बाळात ४० पर्यंत. एवढ्यानेही हललं नाही तर श्वासनलिकेत नळी किंवा लॅरिंजियल मास्क.

आपल्या बाळाची छाती तोंड उघडल्यावर हलली. आता इथून, छाती हलायला लागल्यापासून, तीस सेकंद मोजायचे. आधीची न हलणारी सेकंदं हिशोबात धरायची नाहीत. परीक्षेत या एका वाक्यावर गुण जातात. "तीस सेकंद बॅगिंग केलं, ठोके ५०, छाती हलत नाही" असं दिलं असेल तर उत्तर छाती दाबणं नाही, व्हेंटिलेशन दुरुस्त करणं आहे. "छाती हलतेय" असं दिलं असेल तरच पुढे जायचं.

तीस सेकंदांनंतर तीन शक्यता. ठोके शंभराच्या वर गेले तर बॅगिंग हळूहळू कमी करत बाळ स्वतः श्वास घेतं का ते बघायचं. ६० ते ९९ मध्ये असतील तर व्हेंटिलेशन पुन्हा तपासून चालूच ठेवायचं, छाती दाबायची नाही. साठाखाली असतील तर नळी किंवा लॅरिंजियल मास्क, आणि त्यातून तीस सेकंद नीट श्वास देऊनही साठाखालीच राहिले तर छाती दाबणं सुरू.

आपल्या बाळाचे सहा सेकंदांत पाच ठोके आले, म्हणजे ५०. नळी घातली, तीस सेकंद श्वास दिला, छाती हलते आहे, ठोके अजून पाचच. आता छाती दाबायची. ऑक्सिजन शंभर टक्के करायचा. दोन्ही हातांनी छातीला वेढून दोन्ही अंगठे छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या तिसऱ्या भागावर ठेवायचे, आणि छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल दाबायचं. तीन दाब, मग एक श्वास: "एक आणि दोन आणि तीन आणि श्वास." हे चक्र दोन सेकंदांचं. मिनिटाला ९० दाब आणि ३० श्वास. मोठ्या माणसांचं ३०:२ इथे लिहू नका, कारण नवजात बाळाचं हृदय बहुतेक वेळा श्वास थांबल्यामुळे मंदावलेलं असतं.

साठ सेकंद छाती दाबून झाल्याशिवाय ठोके बघायचे नाहीत. मधेच थांबून ऐकत बसलं तर रक्ताचा दाब पुन्हा पडतो. साठ सेकंदांनी आपल्या बाळाचे सहा सेकंदांत आठ ठोके आले, म्हणजे ८०. साठाच्या वर गेले की छाती दाबणं थांबवायचं, श्वास मात्र ४० ते ६० च्या लयीत चालू. आता चारेक मिनिटं झाली आहेत. ऑक्सिमीटरच्या आकड्याप्रमाणे ऑक्सिजन कमी करत आणायचा.

साठाच्या वर गेलेच नसते तर अ‍ॅड्रेनालिन. आपल्याकडे मिळणारं अ‍ॅम्प्यूल एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असतं, म्हणजे एकास हजार. बाळासाठी ते एकास दहा हजार करावं लागतं: एक मिलिलिटर औषध आणि नऊ मिलिलिटर सलाइन. त्यातून किलोला ०.२ मिलिलिटर, म्हणजे ३ किलोच्या बाळाला ०.६ मिलिलिटर, नाळेच्या शिरेतून, मागून ३ मिलिलिटर सलाइन. शीर मिळेपर्यंत नळीतून एकदा द्यायचं ठरलं तर डोस मोठा: किलोला १ मिलिलिटरपर्यंत, म्हणजे या बाळाला ३. पर्यायांत "एकास हजार, शिरेतून" दिसलं की तो पर्याय खोडा. अ‍ॅड्रेनालिनचा पर्याय निवडण्याआधी एकदा मागे बघा: छाती हलणारा श्वास दिला गेला का, छाती साठ सेकंद दाबली गेली का? यातलं एक राहिलं असेल तर औषध पुढची पायरी नाही.

पाचव्या मिनिटाला ठोके १२०, दोन. नळी आहे, पण मधूनमधून स्वतःचा श्वास घेतंय, एक. हातपाय थोडे दुमडले, एक. नळीतून सक्शन करताना तोंड वाकडं केलं, एक. अंग गुलाबी, हातपाय निळे, एक. बेरीज सहा. श्वासाचा गुण बाळाच्या स्वतःच्या प्रयत्नाला द्यायचा. आपण बॅगेने छाती छान हलवतोय म्हणून दोन लिहायचे नाहीत. त्या सहाच्या शेजारी तेव्हा काय चालू होतं, नळी, बॅगिंग, किती ऑक्सिजन, तेही लिहायचं. नुसता सहाचा आकडा वाचणाऱ्याला काही सांगत नाही.

सहा म्हणजे सातच्या खाली, म्हणून दहाव्या मिनिटाला पुन्हा. ठोके १४०, दोन. नियमित श्वास आणि रडण्याचे जोरदार प्रयत्न, दोन. ताकद एक. सक्शनला पाय जोरात ओढले, दोन. हातपाय अजून निळसर, एक. आठ. आता अपगार पुन्हा द्यायचा नाही, पण बाळ नवजात अतिदक्षता कक्षात जायला हवंच. मोठी मदत लागलेल्या बाळाच्या साखरेवर, तापमानावर आणि झटक्यांवर पुढचे काही तास लक्ष ठेवावं लागतं. आठ गुण आले म्हणून आईजवळ, हे उत्तर चुकीचं.

पाय घसरतो त्या तीन जागा

पहिली मेकोनियमची. पाणी हिरवं, बाळ सैल, श्वास नाही, आणि पर्यायांत "लगेच नळी घालून श्वासनलिकेतून सक्शन". जुन्या पुस्तकांत हेच उत्तर होतं, आणि घरात मोठ्या बहिणीची पुस्तकं वापरणाऱ्या मुली आजही तेच लिहितात. २०१५ च्या मार्गदर्शनापासून हे नेहमीचं काम म्हणून बंद झालं. सुरुवातीच्या पायऱ्या तशाच करायच्या आणि श्वास नसेल तर बॅग-मास्क. श्वासनलिका खरोखर बंद झाल्याची शंका असेल, म्हणजे सगळी दुरुस्ती करूनही छाती हलत नसेल, तरच नळीतून सक्शन. आणि हिरव्या पाण्यात जन्मलं तरी बाळ जोरात रडत असेल तर ते आईजवळ.

दुसरी ऑक्सिजनची. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात निरोगी बाळाचाही आकडा ६० ते ६५ च्या आसपास असतो. पाचव्या मिनिटाला ८० ते ८५ आणि दहाव्याला ८५ ते ९५. म्हणून "तिसऱ्या मिनिटाला ७२, ठोके १३०, रडतंय" असं दिलं तर ऑक्सिजन द्यायचा नाही, बघत राहायचं. तिसऱ्या मिनिटाला ७० ते ७५ असणं अपेक्षितच आहे. मोठ्या माणसाचा ९५ चा आकडा डोक्यात ठेवून पोरी इथे चुकतात.

तिसरी अपगारवरून निदान करण्याची. अपगार कमी म्हणजे बाळाला जन्मात श्वास कोंडला, असं एका आकड्यावरून म्हणता येत नाही. दिवस पूर्ण न भरलेल्या बाळाचे हातपाय आधीच सैल असतात, प्रतिसाद कमी असतो. आईला प्रसूतीआधी गुंगीची औषधं दिली असतील तरी गुण उतरतात. निदानासाठी नाळेच्या रक्तातलं आम्ल, बाळाचे झटके, शुद्ध हेही बघावं लागतं. "पहिल्या मिनिटाचा अपगार तीन, म्हणून मूल पुढे मतिमंद होईल" असा पर्याय दिसला तर तो चूक आहे. पहिल्या मिनिटाच्या गुणावरून पुढच्या वर्षांचं काहीच सांगता येत नाही.

भाचीने मग तो मूळ प्रश्न पुन्हा वाचला. जन्मानंतर पुसून, पाठ चोळून झालं आहे. ठोके ११०. श्वास नाही. ताकद थोडी, तोंड वाकडं करतं, सगळं अंग निळं. तिने "श्वास नाही" याखाली रेघ मारली, समासात "पुसून झाल्यावर" लिहिलं, आणि ऑक्सिजनवरची खूण खोडून बॅग-मास्कवर केली. "पण ठोके तर शंभराच्या वर आहेत, मावशी," ती म्हणाली. मी म्हटलं, "आत्ता आहेत. श्वास नाही तर अर्ध्या मिनिटात उतरतील." तिने उत्तरपत्रिका उलटून पाहिली. उत्तर जुळलं, आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.